ऑक्झॅलिक आम्ल–कॉस्टिक टायट्रेशन: प्रॅक्टिकलआधी पार्टनरला लिहिलेल्या चिठ्ठीच्या नोंदी

प्रॅक्टिकल १२ ऑगस्टला. एका टेबलावर दोघे. ऑक्झॅलिक आम्लाचं प्रमाणित द्रावण करायचं आणि त्यावरून सोडियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे कॉस्टिक सोड्याची नॉर्मॅलिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, काढायची. पार्टनरला आधी एक चिठ्ठी द्यायची ठरली: काय जपायचं आणि कोणी काय करायचं. ती चिठ्ठी तीनदा बदलली. का बदलली ते इथे तारखेवार आहे.

४ ऑगस्ट

पहिला कच्चा मसुदा. जर्नलच्या मागच्या पानावरून चौदा नियम उतरवले आणि संध्याकाळी त्यातले नऊ खोडले. 'आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको' हा नियम अगदी खरा आहे, पण आपल्या टेबलावर सांद्र आम्ल येणारच नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे खडे येणार आहेत. बर्नरही लागणार नाही. जी वस्तू टेबलावर नाही तिचा नियम चिठ्ठीत ठेवला की वाचणारा बाकीचे नियमही वरवर वाचतो.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. टेबलावर खरंच काय असेल याची यादी केली: कॉस्टिकच्या पापड्या आणि त्याचं ०.१ नॉर्मल द्रावण, ऑक्झॅलिकचे खडे, फिनॉल्फ्थॅलिन (ते अल्कोहोलमध्ये असतं, म्हणून शेजारच्या टेबलावर बर्नर चालू असेल तर बाटली आपल्या बाजूला), ५० मिलीची ब्युरेट, १० मिलीची पिपेट, रबरी बल्ब, काच. यात माणसाला इजा कशाने होईल? दोनच उत्तरं निघाली. कॉस्टिक डोळ्यात जाणं आणि पिपेट हातात मोडणं. ऑक्झॅलिक विषारी आहे, पोटात गेलं तर शरीरातलं कॅल्शियम बांधून घेतं, पण ते तोंडात जायला तोंडाने पिपेट ओढावी लागेल. रबरी बल्ब वापरला की तो प्रश्न तिथेच मिटतो.

खर्च: साधे प्लॅस्टिकचे गॉगल दोन, प्रत्येकी १२० रुपये. बाजूने उघडे असलेले चष्म्यासारखे घेऊ नयेत, शिंतोडा बाजूनेच येतो.

५ ऑगस्ट

ब्युरेटमध्ये काय घ्यायचं यावर अर्धा तास गेला. सुरक्षेच्या दृष्टीने आम्ल वर आणि कॉस्टिक खाली फ्लास्कमध्ये असलेलं बरं वाटतं, कारण उंचावरून काही सांडलं तर निदान ते कॉस्टिक नसेल. पण तसं केलं तर फिनॉल्फ्थॅलिनचा रंग गुलाबीचा बिनरंगी होतो. फिकट होत चाललेला गुलाबी नेमका कुठल्या थेंबाला संपला, हे डोळ्याला नीट कळत नाही. शिवाय फ्लास्कमधलं कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत बसतं, म्हणजे दुसरा फ्लास्क भरून ठेवून वाट पाहता येत नाही.

म्हणून ठरलं: कॉस्टिक ब्युरेटमध्ये, ऑक्झॅलिक फ्लास्कमध्ये. बिनरंगीवर पहिली गुलाबी झाक पटकन दिसते आणि आम्ल भरलेले फ्लास्क टेबलावर निवांत उभे राहू शकतात.

याची किंमत अशी की कॉस्टिक डोक्याच्या वर जातं. टेप लावून मोजलं. टेबल ९० सेंमी, ब्युरेटचं तोंड टेबलापासून ८० सेंमी. एकूण १७० सेंमी, म्हणजे भरताना हात वर, मान वर आणि तोंड बरोबर फनेलखाली. चिठ्ठीतला पहिला नियम इथून आला: ब्युरेट टेबलावर असताना भरायची नाही. स्टँडसकट खाली स्टुलावर घ्यायची. स्टूल ५० सेंमीचं आहे, तेव्हा तोंड १३० सेंमीवर येतं, छातीच्या पातळीला. भरून झाल्यावर वर ठेवायची.

कॉस्टिकबद्दल एवढा आग्रह का, हे पार्टनरला एका ओळीत सांगायला हवं. आम्ल डोळ्यात गेलं की झोंबतं आणि लगेच कळतं. कॉस्टिक पेशींतल्या चरबीचा साबण करत आत उतरत जातं, आणि सुरुवातीला त्रास कमी वाटला तरी इजा चालू असते. ०.१ नॉर्मल द्रावण हाताला जाळत नाही म्हणून डोळ्यालाही चालेल, असं नाही.

७ ऑगस्ट

नुसत्या पाण्यावर रंगीत तालीम. ब्युरेटमध्ये पाणी, पिपेटमध्ये पाणी, फ्लास्कमध्ये पाणी. बाकी सगळं खऱ्यासारखं, गॉगलसकट. वेळ एक तास वीस मिनिटं. आठवड्यातला सगळ्यात कामी आलेला वेळ हाच, कारण कामाची पहिली वाटणी इथे मोडली.

पहिली वाटणी अशी होती: एकाने ब्युरेटची तोटी धरायची, दुसऱ्याने खाली फ्लास्क हलवायचा, 'थांब' म्हटलं की तोटी बंद. ऐकायला छान वाटतं. पण 'थांब' म्हणणं, ते ऐकणं आणि हात फिरणं यात तीन-चार थेंब निसटतात. वीस थेंबांचा साधारण एक मिली होतो, म्हणजे एक थेंब ०.०५ मिली. चार थेंब म्हणजे ०.२ मिली, आणि आपलं रीडिंग १० मिलीच्या आसपास येणार. तिथेच दोन टक्के गेले. वर दोघांचे हात एकमेकांत अडकतात आणि फ्लास्क हलवणाऱ्याचा चेहरा तोटीजवळ येतो.

दुरुस्ती: तोटी आणि फ्लास्क एकाच माणसाकडे. डाव्या हाताने तोटी मागून कवेत घेऊन फिरवायची, उजव्या हाताने फ्लास्क. डावा हात असा ठेवला की तोटी आतल्या बाजूला ओढली जाते आणि सैल होऊन गळत नाही. दुसऱ्याने त्या वेळात पुढचा फ्लास्क भरून ठेवायचा. याने वेळही वाचला: तीन टायट्रेशनना आधी ३५ मिनिटं लागत होती, आता २२.

आणखी तीन गोष्टी पाण्यातच उघड झाल्या.

फनेल ब्युरेटवर तशीच राहिली होती. रीडिंग घेतल्यानंतर तिच्यातून दोन थेंब खाली आले आणि पातळी हलली. भरलं की फनेल काढायची, आणि ती काढायचं काम भरणाऱ्याचं. 'कोणीतरी काढेल' म्हटलं की ती तिथेच राहते.

तोटीच्या खालच्या निमुळत्या टोकात हवेचा बुडबुडा होता, तो कोणालाच दिसला नाही. टायट्रेशनच्या मध्ये तो सुटला की तेवढी पातळी उतरते, फ्लास्कमध्ये मात्र काही पडलेलं नसतं. उपाय: भरल्यावर तोटी एकदम पूर्ण उघडून दोन सेकंद जोरात सोडायचं, खाली बीकर धरून. मग टोक उजेडासमोर धरून बघायचं.

तिसरी गोष्ट पिपेटची. बल्ब चढवताना पिपेट मधल्या फुगीर भागाला धरली होती. बल्ब घट्ट, जोर लागला आणि नळी वरच्या बाजूला मोडली. हाताला लागलं नाही, कारण योगायोगाने बोटं खाली होती. काच तळहातात शिरते ती अशीच. पिपेट वरच्या टोकापासून दोन-तीन सेंमीवर धरायची, बल्बचं तोंड पाण्याने ओलं करायचं आणि दाबून न घुसवता हलकेच फिरवत टेकवायचं. बल्ब आत घालायचा नसतो, तोंडावर हवाबंद बसला की पुरे. ब्रेकेजच्या वहीत नाव लागलं.

८ ऑगस्ट

कॉस्टिकचं द्रावण. लॅब असिस्टंटनी आमच्याकडून करून घेतलं, ते बाजूला उभे होते.

५०० मिली ०.१ नॉर्मलसाठी २ ग्रॅम पापड्या. पहिली चूक वजनात. कागदावर तोलायला घेतल्या, पण ऑगस्टच्या हवेत पापड्यांना दोन मिनिटांत पाणी सुटलं आणि त्या कागदाला चिकटल्या. परत काचेच्या छोट्या बीकरमध्ये तोलल्या. तोलताना तिसऱ्या दशांशापर्यंत आकडा जुळवण्यात दहा मिनिटं घालवली, ती पूर्ण वाया. पापड्यांत किती ओल आहे हे माहीतच नसतं, म्हणून तर हे द्रावण ऑक्झॅलिकवर तपासायचं असतं. २ ग्रॅमच्या आसपास काहीही चालतं. काटेकोर तोलायचं ते ऑक्झॅलिक.

विरघळवताना आधी पाणी, मग थोड्या थोड्या पापड्या, ढवळत. पापड्यांवर एकदम थोडं पाणी ओतलं तर ते इतकं तापतं की उसळून वर येतं. बीकर बाहेरून चांगला गरम लागला. गार होईपर्यंत थांबलो आणि मग ५०० पर्यंत भरलं.

आता चिठ्ठीत ठळक अक्षरात गेलेली गोष्ट. तोलताना एक पापडी तराजूशेजारी ओट्यावर पडली होती, कोणाच्या लक्षात आली नाही. तासाभराने आवरताना तिथे एक थेंब दिसला. अगदी पाण्याचा थेंब, स्वच्छ, थोडा फुगीर. बोटाने पुसायला गेलो तर बोट बुळबुळीत झालं, साबण लावल्यासारखं. तो साबणच होता, बोटावरच्या चरबीचा. नळाखाली बराच वेळ धरल्यावर बुळबुळ गेली. पडलेली पापडी हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळते, आणि तो थेंब जवळजवळ सांद्र कॉस्टिक असतो. आपल्या ब्युरेटमधल्या द्रावणापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र. हाच हात डोळ्याला लागला असता तर?

तेव्हा नियम दुसरा: ओट्यावरचा कुठलाही थेंब पाणी समजायचा नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, हाताने नाही, आणि फडकं लगेच धुवायचं.

द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलं. काचेची बूच असलेली बाटली नको, कॉस्टिकने काच बुचाला धरून बसते आणि नंतर उघडताना मान मोडते. काचेची तोटी असलेल्या ब्युरेटचंही तेच. आपल्याला टेफ्लॉनची मिळतेय का ते आधीच विचारलं. मिळाली. नसती मिळाली तर काम संपल्या क्षणी धुवून तोटी सैल काढून ठेवावी लागली असती.

११ ऑगस्ट

अंतिम चिठ्ठी. जशी दिली तशी.

> उद्यासाठी. एकदा वाच, पटलं नाही तर आजच सांग. उद्या टेबलावर वाद नको.
>
> येताना: बंद बूट, ॲप्रन सुती, केस बांधून. कॉन्टॅक्ट लेन्स घालतेस, उद्या चष्मा लाव. लेन्सखाली कॉस्टिक अडकलं तर धुऊनही निघत नाही. गॉगल मी आणतोय, चष्म्यावरून बसतो. पाऊस असेल, तर छत्री बाहेर. आपल्या टेबलाखाली पाणी साचलं तर ते पाणी आहे की कॉस्टिक, कळणार नाही.
>
> तुझ्याकडे: ऑक्झॅलिक तोलणं आणि २५० मिली करणं. पिपेट पूर्ण तुझी. फ्लास्क भरणं. फ्लास्कवर १, २, ३ लिहिणं. प्रत्येकात फिनॉल्फ्थॅलिनचे दोनच थेंब, जास्त नको, ते स्वतःच कमजोर आम्ल आहे.
>
> माझ्याकडे: ब्युरेट धुणं, स्टुलावर भरणं, फनेल काढणं, बुडबुडा बघणं. तोटी आणि फ्लास्क हलवणं. सगळ्या टायट्रेशनला एकच हात आणि एकच डोळा, कारण 'फिकट गुलाबी' माझी वेगळी आणि तुझी वेगळी. पुढच्या प्रॅक्टिकलला अदलाबदल, परीक्षेत दोन्ही एकट्यालाच करायचं आहे.
>
> दोघांचं: ब्युरेटचं रीडिंग. आधी मी वाचणार, बोलणार नाही. मग तू वाचायचं. मग दोघांनी सांगायचं. ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर परत. तू माझ्यापेक्षा बुटकी आहेस, स्टुलावर चढून डोळे पातळीला आण, खालून वाचलंस तर आकडा चुकतो. रीडिंग लगेच पेनने जर्नलमध्ये, हातावर किंवा चिठोऱ्यावर नाही.
>
> पिपेटच्या टोकात शेवटी थेंब राहतो. तो फुंकून काढू नकोस, तो आत राहणार हे धरूनच पिपेट मोजलेली असते. टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून थोडं थांब, बस.
>
> कोणाच्या डोळ्यात काही गेलं तर: दुसऱ्याने हात धरून दारापाशी नळावर न्यायचं. पापण्या बोटांनी उघड्या धरून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं पाणी. भिंतीवर बोरिक ॲसिडची बाटली आहे, तिला हात लावायचा नाही, डोळ्यात फक्त पाणी. मॅडमना हाक मारायची ती नळ चालू झाल्यावर. रीडिंग गेलं तर गेलं.
>
> काच फुटली तर हाताने उचलायची नाही. ब्रश आणि सुपली खिडकीखाली आहे.

१२ ऑगस्ट

ऑक्झॅलिक आम्लाच्या खड्यांत दोन रेणू पाणी असतं, तुल्यांक ६३.०४. २५० मिली ०.१ नॉर्मलसाठी १.५७६ ग्रॅम हवं. तंतोतंत तेवढंच तोलण्याचा हट्ट सोडून पार्टनरने १.५९१२ वर थांबून तोच आकडा लिहिला. हे बरोबर केलं. किती घेतलं ते नेमकं ठाऊक असणं महत्त्वाचं. १.५९१२ ला ६३.०४ ने भागून चारने गुणलं की नॉर्मॅलिटी ०.१०१०.

अंदाजासाठी घेतलेलं पायलट रीडिंग १० ते ११ च्या मध्ये. म्हणजे पुढच्या वेळी १० मिलीपर्यंत सरळ सोडायचं आणि तिथून थेंब थेंब.

पहिलं रीडिंग १०.९. दुसरं १०.६. तिसरं १०.६.

१०.९ कुठून आलं यावर वीस मिनिटं गेली. पहिला संशय अर्थात तोटीवर, म्हणजे जास्त सोडलं गेलं असणार. पण जास्त सोडलं की रंग गडद गुलाबी येतो, आणि पहिल्या फ्लास्कची झाक बाकीच्यांइतकीच फिकट होती. दोन्ही फ्लास्क पांढऱ्या टाइलवर शेजारी ठेवून पाहिले. म्हणजे शेवट बरोबर ओळखला होता, फ्लास्कमध्ये आम्लच जास्त होतं. कारण सापडलं: ब्युरेट कॉस्टिकने आणि पिपेट ऑक्झॅलिकने धुवायची असते, त्याच ओघात पार्टनरने पहिला फ्लास्कही ऑक्झॅलिकने धुतला. भिंतीला राहिलेला ओलावा म्हणजे मोजलेल्या १० मिलीवर फुकटची भर. फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, आणि तो ओला असला तरी चालतो, पाण्याने आम्लाचं प्रमाण बदलत नाही.

चूक चिठ्ठीची आहे. 'फ्लास्क भरणं' लिहिलं, 'फ्लास्क कशाने धुवायचा' लिहिलं नाही. फ्लास्क डिस्टिल्डने धुऊन पहिलं परत केलं: १०.६.

कॉस्टिकची नॉर्मॅलिटी: ०.१०१ गुणिले १० भागिले १०.६, म्हणजे ०.०९५३. तोलताना ०.१ धरली होती, तिच्यापेक्षा जवळजवळ पाच टक्के कमी. पापड्यांतली ओल आणि त्यांनी शोषलेला कार्बन डायऑक्साइड इथे दिसतो.

दोन किरकोळ गोष्टी. गुलाबी झाक अर्धा मिनिट टिकली की रीडिंग घ्यायचं. पहिल्या फ्लास्कची झाक पाच मिनिटांनी उडाली तेव्हा पार्टनरने अजून एक थेंब सोडायला सांगितलं. नाही सोडला. तो रंग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने उडतो, आपल्या आम्लाने नाही. दुसरं, स्टुलावर ब्युरेट भरण्याला आजूबाजूच्या टेबलांवरून हसणं झालं. तिसऱ्यांदा भरताना फनेल तोंडावर घट्ट बसली, आतली हवा बाहेर पडेना आणि द्रावण बचकन उसळून बाहेर आलं. ॲप्रनवर, पोटाशी. टेबलावर भरत असतो तर ते कपाळावर आलं असतं. ॲप्रन काढून नळाखाली धरला, फनेल आणि काचेच्या मध्ये कागदाची घडी सरकवली आणि पुढे गेलो.

आवरायला पंचवीस मिनिटं. उरलेलं कॉस्टिक उरलेल्या ऑक्झॅलिकमध्ये गुलाबी रंग जेमतेम येईपर्यंत ओतलं आणि भरपूर पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडलं. ब्युरेट तीनदा पाण्याने, तोटी उघडी ठेवून, उलटी क्लॅम्पला. ओटा ओल्या फडक्याने, तराजूच्या कडेपासून सुरू करून.

पुढच्या बॅचसाठी चिठ्ठीत दोन बदल. 'तुझ्याकडे'च्या खाली: *फ्लास्क डिस्टिल्डने, पिपेट ऑक्झॅलिकने.* 'माझ्याकडे'च्या खाली: *ब्युरेट कॉस्टिकने, फनेल तिरकी, खाली कागदाची घडी.*